लिननचा शर्ट अंगावर घातलेला दिसायला हवा असेल तर एडिटची सूचना अशी लिहा

"शर्टावर नैसर्गिक सुरकुत्या आणा" एवढं लिहून फोटो एडिटला पाठवला की परत काय येतं ते बहुतेकांनी बघितलेलं असेल. एकतर शर्ट जवळपास तसाच, कडक, फक्त पोटावर दोन-चार राखाडी रेघा मारलेल्या, नाहीतर कॉलरपासून खालच्या टोकापर्यंत सगळीकडे सारखा चुरगळलेला, म्हणजे कागदाचा बोळा करून परत उलगडल्यासारखा. दोन्ही वेळेला आपण एडिट करणाऱ्याला दोष देतो पण खरं सांगायचं तर चूक सूचनेत असते, कारण "नैसर्गिक" या शब्दातून समोरच्याला काहीच कळत नाही. सुरकुती कुठे, का, किती खोल आणि कुठे अजिबात नाही, हे लिहिलं तरच ते दिसतं.

ही पद्धत माणसाला रिटचिंगसाठी सूचना पाठवताना चालते आणि वर्णन टाइप करून फोटो बदलणाऱ्या टूलमध्येही तशीच चालते. फक्त उन्हाळी शर्टांबद्दल, म्हणजे लिनन आणि पातळ कॉटन, एवढ्यापुरतंच लिहितोय.

## १. आधी तीन शब्द वेगळे करा

सगळा घोळ इथून सुरू होतो. आपण सगळ्यालाच सुरकुती म्हणतो, पण कापडावर तीन वेगळ्या गोष्टी असतात.

झोळ म्हणजे कापड लोंबल्यामुळे किंवा ओढलं गेल्यामुळे पडणारी मोठी मऊ वळणं, माणूस हलला की ती जातात. सुरकुती म्हणजे कापड दाबून वाकलं आणि तसंच राहिलं, माणूस सरळ उभा राहिला तरी ती जात नाही. आणि तिसरी घडीची रेघ, म्हणजे इस्त्री करून किंवा पॅकिंगमध्ये घडी घालून आलेली सरळ रेघ, बहुतेक वेळा उभी-आडवी, काटकोनात.

अंगावर वागवलेल्या शर्टात झोळ असतात, सुरकुत्या असतात, घडीची रेघ नसते. इस्त्रीच्या शर्टात झोळ असतात, घडीची रेघ असते, सुरकुत्या नसतात. म्हणजे सूचनेत दोन कामं सांगायची आहेत, सुरकुत्या आणा आणि घडीच्या रेघा काढा. दुसरं काम जवळपास सगळेच विसरतात. बाहीच्या बाहेरच्या बाजूला खांद्यापासून कफपर्यंत इस्त्रीची जी धार असते ती तशीच राहिली तर बाकी कितीही मेहनत घ्या, शर्ट आत्ताच कपाटातून काढल्यासारखाच दिसणार.

तपासा: मूळ फोटो मोठा करून बाहीची धार, छातीवरची पॅकिंगची आडवी रेघ आणि पाठीमागून फोटो असेल तर मधली उभी रेघ शोधा. जे सापडेल ते नाव घेऊन लिहा, "घड्या काढा" असं मोघम नको.

## २. कापड नक्की कोणतं ते ठरवा

लिनन आणि कॉटन दोन्ही चुरगळतात पण एकसारखे नाही, आणि हा फरक सूचनेत आला नाही की लिननचा शर्ट कॉटनचा वाटायला लागतो.

लिननचा धागा जवसाच्या खोडातून निघतो, तो ताठ असतो आणि फार कमी ताणतो, साधारण २-३ टक्के ताणला की तुटायला येतो, कॉटनचा त्याच्या दुपटीहून जास्त ताण सहन करतो. त्यामुळे लिनन वाकलं की गोल वळत नाही, मोडतं. सुरकुतीला टोकदार कणा येतो आणि दोन सुरकुत्यांच्या मध्ये कापडाचे सपाट तुकडे राहतात, पैलू पाडल्यासारखे. पातळ कॉटन, पॉपलिनसारखं, त्याच्या सुरकुत्या बारीक, उथळ, जवळजवळ आणि कडेला गोलसर असतात. ऑक्सफर्डसारख्या जाडसर कॉटनमध्ये सुरकुत्या कमी आणि अजून मऊ.

आता त्या टिकतात का? दोन्ही धागे सेल्युलोजचे, त्यातल्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध घामाच्या ओलीने आणि अंगाच्या उबेने सैल होतात, आणि कापड वाकलेलं असतानाच ते वाळलं की नव्या जागी परत बांधले जातात. इस्त्री वाफेने हेच करते, फक्त सपाट स्थितीत. हे एवढ्यासाठी सांगतोय की यातूनच सुरकुत्यांची जागा ठरते. जिथे ऊब, ओल आणि दाब तिन्ही एकत्र येतात तिथेच खोल सुरकुती पडते. काख, कोपराची आतली बाजू, बसल्यावर मांडी आणि पोट यांच्यामधली जागा, खुर्चीला टेकलेली पाठ. खांद्याच्या वर दाबही नाही आणि वाकणंही नाही, तिथे काही होत नाही.

सावध: लेबलवर पॉलिएस्टर मिक्स किंवा 'रिंकल फ्री' लिहिलं असेल तर त्या शर्टावर खोल सुरकुत्या दाखवूच नका. खरा शर्ट तसा चुरगळत नाही, आणि विकत घेणाऱ्याला फोटोत एक आणि हातात एक मिळेल.

## ३. नमुना स्वतः बनवा

डोक्यातून वर्णन लिहू नका, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना आहे. तशाच कापडाचा एक शर्ट इस्त्री करा, घाला, दोन तास खुर्चीत बसून नेहमीचं काम करा, मग उठून खिडकीपाशी उभे राहा आणि कुणाला तरी फोटो काढायला सांगा. समोरून एक, बाजूने एक, कोपराचा जवळून एक.

कोपराचा फोटो नीट बघा. हात वाकतो तेव्हा बाही म्हणजे एक नळी वाकते, आणि आतल्या बाजूला जास्तीचं कापड दाबलं जातं. ते समांतर रेघांमध्ये दाबलं जात नाही, तिरक्या रेघा एकमेकींना भेटून शंकरपाळ्यासारखे आकार तयार होतात. हात सरळ केल्यावर हे आकार अर्धवट उघडतात पण त्यांच्या कडा राहतात. शिवाय कोपराच्या मागच्या बाजूला कापड थोडं फुगलेलं राहतं, हात सरळ असला तरी. ही दोन चिन्हं फोटोत असली की बघणाऱ्याला कारण न सांगताही पटतं की हा शर्ट कुणीतरी घातला होता. मी आधी कित्येक महिने "कोपरावर आडव्या सुरकुत्या" असं लिहीत होतो, आणि बाही एखाद्या पाइपसारखी रिंगा-रिंगांची होऊन यायची. स्वतःची बाही बघितल्यावर चूक कळली.

## ४. आधी कारण लिहा, मग जागा

सूचनेची पहिली ओळ अशी असू द्या की माणसाने शेवटचे दोन-तीन तास काय केलं ते कळेल. बसून काम केलं, गाडी चालवली, खांद्याला बॅग लावून चालला, बाह्या वर दुमडून परत खाली सोडल्या. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. बॅगेच्या पट्ट्याने एका खांद्यापासून छातीवर तिरका दबलेला पट्टा पडतो, दुमडून सोडलेल्या बाहीवर कोपराच्या खाली जवळजवळ आडव्या रेघा येतात, खोचून मग बाहेर काढलेल्या शर्टाचा खालचा एक वीतभर भाग वेगळाच चुरगळलेला दिसतो आणि त्याच्या वर एकदम शांत.

एकच कारण निवडा, फार तर दोन. तिन्ही-चारी घातली की परत तोच कागदाचा बोळा.

मग जागा, एकेक करून. बसून काम केलेल्या माणसाच्या, न खोचलेल्या शर्टापुरतं सांगतो.

पोटाखाली, शेवटच्या दोन बटणांच्या आसपास, बाजूच्या शिवणीकडून मध्याकडे येणाऱ्या तीन-चार सुरकुत्या. त्या एकदम आडव्या नसतात, शिवणीपाशी एकत्र आणि मध्याकडे येताना पसरत, उथळ होत. बटणपट्टीपाशी काय होतं याकडे कुणी लक्ष देत नाही. तिथे कापडाचे दोन-तीन थर असतात, पट्टी ताठ असते, म्हणून सुरकुती तिच्यावरून सरळ पलीकडे जात नाही, तिथे थांबते आणि पलीकडे जरा वर किंवा खाली दुसरी सुरू होते. पट्टी स्वतः दोन बटणांच्या मध्ये किंचित बाहेर फुगते. डावीकडून उजवीकडे एकच अखंड रेघ पट्टी ओलांडून गेली की एडिट लगेच उघडा पडतो.

काखेतून छातीकडे दोन-तीन तिरक्या सुरकुत्या, काखेपाशी खोल, छातीच्या मध्यापर्यंत पोचायच्या आधीच संपलेल्या. कोपराचं वर सांगितलंच.

तपासा: प्रत्येक सुरकुतीला सुरुवात आहे का? ती शिवण, काख, कोपर किंवा बटण अशा कुठल्यातरी जागेतून निघाली पाहिजे आणि पुढे विरत गेली पाहिजे. कापडाच्या मोकळ्या मैदानात मधेच सुरू होऊन मधेच संपणारी रेघ असेल तर काढायला सांगा.

## ५. कुठे सुरकुती नाही ते लिहा

माझ्या मते अख्ख्या सूचनेतला हा सगळ्यात उपयोगी भाग आहे, आणि तोच नेहमी गाळला जातो. सपाट जागा नसली तर सुरकुती सुरकुती वाटत नाही, नुसता खडबडीत पोत वाटतो.

खांदा आणि योक, म्हणजे खांद्यावरचा दुहेरी कापडाचा भाग, तिथे जवळपास काही नाही. छातीच्या वरचा भाग, पहिल्या-दुसऱ्या बटणाच्या दोन्ही बाजूंना, शांत. खिसा असेल तर तिथेही थर वाढल्यामुळे कमी. कॉलर आणि कफच्या आत बहुतेक वेळा चिकटवलेलं अस्तर असतं म्हणून ते चुरगळत नाहीत, फक्त ताठपणा जातो. कॉलरची टोकं थोडी वर वळलेली किंवा एक बाजू किंचित खाली बसलेली, एवढंच. "कॉलरवर सुरकुत्या" लिहिलंत तर झोपून उठल्यासारखा शर्ट येईल, सांभाळा.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी धुऊन-धुऊन मऊ झालेल्या शर्टाची खरी ओळख आहे. शिवणीच्या कडेने, विशेषतः बटणपट्टीच्या आणि खालच्या दुमडीच्या, बारीक चुण्या असतात. धुतल्यावर कापड आटतं, शिलाईचा पॉलिएस्टरचा दोरा तसा आटत नाही, म्हणून शिवण लाटालाटांची होते. ही सुरकुती नाही, ती प्रत्येक धुलाईनंतर असतेच, म्हणून वेगळी ओळ लिहा: "शिवणीलगत बारीक, नियमित चुण्या, दाण्याएवढ्या."

## ६. उजेड आणि बाह्यरेषा

सुरकुती म्हणजे रेघ नाही, ती उंचवटा आहे. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली. सूचनेत उजेड कुठून येतो ते लिहायचंच, आणि मूळ फोटोत नाकाची सावली ज्या बाजूला पडलीये त्याच बाजूला सुरकुतीची सावली पडली पाहिजे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी समजायला मला वेळ लागला. उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेने जाणारी सुरकुती फिकी दिसते, उजेडाला आडवी जाणारी ठळक दिसते. खिडकी बाजूला असेल तर पोटावरच्या आडव्या सुरकुत्या कमी दिसतात आणि काखेतल्या तिरक्या, कोपरातल्या तिरक्या जास्त. उजेड वरून असेल तर उलट. सगळ्या दिशांच्या सुरकुत्या एकसारख्या ठळक आल्या म्हणजे त्या रंगवल्यात, हे डोळ्याला कळतं, का ते सांगता आलं नाही तरी. समोरून फ्लॅश मारलेला फोटो असेल तर फार काही करायलाच जाऊ नका, त्या उजेडात खऱ्या सुरकुत्यासुद्धा पुसल्या जातात.

पांढऱ्या लिननवर सावली हलकी राखाडी ठेवा, काळी अजिबात नको, कारण पातळ कापडातून थोडा उजेड आरपार जातो. गडद निळ्या किंवा काळ्या शर्टावर सावली दिसतच नाही, तिथे कण्यावरचा उजेड दिसतो, म्हणून वर्णन उलट करा.

बाह्यरेषेबद्दल एकच सांगतो पण ते सोडू नका. आत सुरकुत्या आणि बाहेरची कड मात्र कात्रीने कापल्यासारखी सरळ, असं झालं की सगळं वाया. सुरकुती जिथे शर्टाच्या कडेला पोचते तिथे कड किंचित आत-बाहेर झाली पाहिजे, कोपराशी, कमरेशी, खालच्या टोकाशी. लिहा: "बाहीची आणि कमरेची बाह्यरेषा सुरकुत्यांप्रमाणे थोडी वेडीवाकडी, गुळगुळीत नको."

सावध: बाह्यरेषा हलवायला सांगितली की कधीकधी शर्टाचं मापच बदलून येतं, सैल किंवा फिट. म्हणून "फिटिंग आणि लांबी तीच" ही ओळ जोडूनच.

## ७. एक अख्खी सूचना

समजा फोटो असा आहे: पांढरा लिनन शर्ट, न खोचलेला, पूर्ण बाह्या, माणूस मांडीपर्यंत दिसतोय, डावा हात किंचित वाकलेला, उजेड डावीकडच्या उंच खिडकीतून. शर्ट नवा, इस्त्रीचा. डावी-उजवी म्हणजे फोटो बघणाऱ्याची की माणसाची, हे पहिल्यांदाच ठरवून लिहा, अर्धे घोटाळे तिथे होतात. मी अशी लिहीन:

> डावी-उजवी फोटो बघणाऱ्याच्या बाजूने. पांढरा लिनन शर्ट, अनेकदा धुतलेला, स्वच्छ, सकाळी इस्त्री करून घातलेला आणि दोन-तीन तास खुर्चीत बसल्यावरचा. दोन्ही बाह्यांवरची इस्त्रीची उभी धार आणि छातीवरची घडीची आडवी रेघ काढा. दोन्ही कोपरांच्या आत टोकदार तिरक्या सुरकुत्या, एकमेकींना मिळून शंकरपाळ्यासारखे दोन-तीन आकार, वाकलेल्या हातावर जास्त खोल. कोपराच्या मागे कापड थोडं फुगलेलं. काखेतून छातीकडे दोन-तीन तिरक्या, पुढे विरत जाणाऱ्या. शेवटच्या दोन बटणांच्या उंचीवर बाजूच्या शिवणीतून मध्याकडे तीन-चार उथळ, बटणपट्टीवर तुटलेल्या. खांदे, योक आणि छातीचा वरचा भाग जवळपास सपाट. कॉलर मऊ, पण सुरकुती नाही. शिवणीलगत बारीक चुण्या. उजेड डावीकडून वरून, सावली प्रत्येक सुरकुतीच्या उजव्या आणि खालच्या बाजूला, हलकी राखाडी. बाह्यरेषा सुरकुत्यांप्रमाणे थोडी वेडीवाकडी. चेहरा, हात, रंग, बटणांची संख्या, कापडाचा गाठाळ पोत, फिटिंग आणि लांबी तीच ठेवा.

पॉपलिन कॉटन असता तर तीन बदल. "टोकदार" ऐवजी "गोलसर कडांच्या", संख्या थोडी जास्त पण खोली कमी, आणि गाठाळ पोताची ओळ काढून "गुळगुळीत विणीचा". रेघांचा किंवा चौकडीचा शर्ट असेल तर अजून एक ओळ हवीच, की रेघा सुरकुतीवरून जाताना वाकल्या पाहिजेत, कारण नाहीतर सावली एकीकडे आणि रेघ सरळ दुसरीकडे, म्हणजे काचेवर सुरकुत्या काढल्यासारखं.

माणूस एडिट करत असेल तर सुरकुत्या वेगळ्या लेयरवर मागा. पहिल्यांदा जवळपास नेहमीच जास्त होतात आणि लेयर असला की नुसती तीव्रता कमी करून काम होतं.

## ८. परत आल्यावर काय बघायचं

आधी फोटो लहान करून बघा, फोनवर दिसेल तेवढा. त्या आकारात पहिली नजर सुरकुत्यांवरच गेली तर त्या जास्त आहेत. मग मोठा करून कोपर, बटणपट्टी आणि बाह्यरेषा, या तीनच जागा या क्रमाने. मग मूळ फोटो शेजारी ठेवून बटणं मोजा, काजं बघा, खिशाची कड बघा, टूलने केलेल्या एडिटमध्ये बटण गायब होणं किंवा खिसा सरकणं हे सर्रास होतं.

दुरुस्ती लिहिताना "अजून नैसर्गिक करा" परत लिहू नका, जागा आणि बदल लिहा. मागे एका शर्टाला मला एवढंच लिहावं लागलं होतं: "पोटावरची वरून दुसरी सुरकुती बटणपट्टी ओलांडून जातेय, ती पट्टीपाशी तोडा आणि उजवीकडचा तुकडा बोटभर खाली घ्या." तेवढ्याने तो शर्ट बसून उठलेल्या माणसाच्या अंगावरचा वाटायला लागला, बाकी कशाला हात लावावा लागला नाही.